सपाट स्लॅबवर उतरतं पत्र्याचं छप्पर: एका घराच्या फोटोतला बदल

पार्श्वभूमी

घर सिंधुदुर्गातल्या एका वाडीतलं आहे. जोत्यासह जमिनीपासून स्लॅबच्या माथ्यापर्यंत 12 फूट उंची, पूर्वेकडे तोंड, दर्शनी बाजू 30 फूट आणि खोली 25 फूट. स्लॅबभोवती तीन फुटांचा कठडा, वर काळी टाकी. दर पावसाळ्यात स्लॅब झिरपायचा आणि वॉटरप्रूफिंगचा थर दोन-तीन पावसाळ्यांत सुटायचा. शेवटी घरच्यांनी स्लॅबवर लोखंडी कैच्या उभारून उतरतं पत्र्याचं छप्पर घालायचं ठरवलं. फॅब्रिकेटरने 20 अंशांच्या उताराचा अंदाज दिला होता.

घर दोन भावांचं. थोरले गावात, धाकटे नोकरीनिमित्त पुण्यात. पैसे दोघांचे, म्हणून खर्च करण्याआधी घर कसं दिसेल हे दोघांनाही बघायचं होतं. त्यांच्या इंजिनिअरांनी मला एक फोटो पाठवला आणि त्यातच नवीन छप्पर बसवून द्यायला सांगितलं. अशी कामं मी तालुक्याच्या ठिकाणी बरीच करतो. या प्रकरणातला मूळ प्रश्न मात्र चित्र सुंदर करण्याचा नव्हता. ते चित्र बघून दीड-दोन टन लोखंड घ्यायचं की नाही, हे ठरणार होतं.

फोटो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला, सकाळी दहाचा, फोनने आग्नेय कोपऱ्याच्या बाजूने काढलेला. त्यामुळे उजवीकडे दर्शनी पूर्वेची भिंत आणि डावीकडे आखूड दक्षिणेची भिंत, दोन्ही दिसत होत्या आणि दोन्हींवर ऊन होतं. खिडक्यांवरच्या छज्ज्यांच्या सावल्या भिंतीवर स्पष्ट होत्या. पुढे सगळं काम या छज्ज्यांनीच सोपं केलं.

अडचण: छप्पर दिसतं किती?

जमिनीवर उभं राहून घराकडे पाहिलं की छपराचा उतार फार थोडा दिसतो. हे ठाऊक असूनही फोटोवर काम करताना हात आपोआप मोठं छप्पर काढतो, कारण मनात बसलेलं घराचं चित्र समोरून सरळ काढलेल्या नकाशासारखं असतं. म्हणून मी आधी हिशेब केला.

फोटो काढणाऱ्याची नजर जमिनीपासून साधारण 5 फुटांवर, आणि पुढच्या वळचणीपासून तो सुमारे 45 फूट दूर होता. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-दोन फूट धरलं, तर आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर साडेचौदा फूट होतं. 20 अंशांच्या उतारात ते टोक स्लॅबच्या माथ्यापेक्षा जवळपास पाऊण फूट खाली येतं आणि आढं टोकापेक्षा सव्वापाच फूट वर जातं. नजरेच्या जागेवरून रेषा मारल्या की पाख्याचा, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूचा, दिसणारा पट्टा भिंतीच्या दिसणाऱ्या उंचीच्या जेमतेम एक पंचमांश भरतो. फोटोत भिंत सुमारे 770 पिक्सेल उंच होती आणि पाखं 165 च्या आसपास.

हा कच्चा आराखडा थोरल्या भावांना दाखवला, तेव्हा ते लगेच म्हणाले, "छप्पर दिसताच खंय?" त्यांच्या डोळ्यांसमोर जुनं कौलारू घर होतं. ते 1990 च्या दशकात पाडून हा स्लॅब घातला होता. त्या घराचं छप्पर उंच होतं आणि लांबूनही भरदार दिसायचं. फोटोत छप्पर थोडं वर ओढून मोठं करा, एवढीच त्यांची मागणी होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांनी सांगितलेलाच, म्हणजे 20 अंशांचंच छप्पर चित्रात वर ओढणं. संगणकावर हे दोन मिनिटांचं काम आहे, पण तसं केलं की चित्रातलं छप्पर प्रत्यक्षात 28-30 अंशांचं होतं आणि अंदाजपत्रक 20 चंच राहतं. घर बांधून झाल्यावर दोन्ही भावांना फसवल्यासारखं वाटलं असतं आणि ते रास्तही ठरलं असतं. हा पर्याय मी नाकारला आणि का नाकारला ते त्यांना आकड्यांसह सांगितलं.

दुसरा पर्याय धाकट्या भावांचा. कठडा तसाच ठेवायचा, खांबांवर छप्पर साडेतीन फूट वर उचलायचं आणि खालची गच्ची आमसुलं-पापड वाळवायला वापरायची. वापराच्या दृष्टीने हे चांगलंच. पण छप्पर जितकं वर जातं, तितकं जमिनीवरून पाखं कमी दिसतं. हिशेबात पट्टा भिंतीच्या सातव्या हिश्शावर आला. शिवाय मोकळ्या बाजूंनी शिरणारा वारा पत्रा खालून उचलतो, त्यामुळे इंजिनिअरही राजी नव्हते.

तिसरा पर्याय म्हणजे उतारच खरोखर वाढवणं. 30 अंशांना पाखं भिंतीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त दिसत होतं, पण आढं स्लॅबपासून सव्वासात फूट वर जात होतं आणि लोखंड बरंच वाढत होतं. 25 अंशांना पट्टा एक तृतीयांश होतो आणि आढं स्लॅबपासून 5.8 फुटांवर राहतं. पत्र्याची लांबीही उतारावर बरोबर 16 फूट येते. 20 अंशांच्या पत्र्यापेक्षा तो अर्ध्या फुटाने जास्त, बस्स. आढ्याखाली पाण्याची टाकीही मावत होती.

तिन्ही उतारांच्या नुसत्या बाह्यरेषा एकाच फोटोवर वेगवेगळ्या रंगांत काढून मी दोघांना पाठवल्या. त्यावर ना रंग होता, ना सावली. निर्णय त्या रेषांवर झाला, 25 अंशांचा, कठडा काढून आणि दक्षिणेकडची त्रिकोणी जागा जाळी ठेवून भिंतीने बंद करून. रंगवलेलं चित्र आधी दाखवलं असतं, तर चर्चा पत्र्याच्या रंगावर गेली असती.

काम: आढं आणि पाखं

दर्शनी भिंतीच्या जोत्याची, छज्ज्याची आणि स्लॅबची रेषा उजवीकडे वाढवली की तिन्ही एका बिंदूत मिळतात. आढ्याची आणि वळचणीची रेषाही त्याच बिंदूकडे गेली पाहिजे. दक्षिणेच्या भिंतीचा असाच दुसरा बिंदू डावीकडे मिळतो. त्या भिंतीचा मध्य मात्र पट्टीने मोजून काढायचा नसतो, कारण लांबचा अर्धा भाग फोटोत आखूड दिसतो. भिंतीच्या चौकोनाचे दोन कर्ण जिथे छेदतात, तिथून उभी रेषा घेतली की आढ्याची खरी जागा मिळते. आढ्याची उंची जवळच्या कोपऱ्याच्या उभ्या कडेवर मोजायची आणि डाव्या बिंदूकडे जाणाऱ्या रेषेने त्या मधल्या उभ्या रेषेवर न्यायची.

पत्र्याचे उभार एकेक करून काढले नाहीत. 34 फूट बाय 16 फूट या प्रमाणात एक सपाट चित्र तयार केलं, दर आठ इंचांवर एक उभार घेऊन, आणि त्याचे चार कोपरे फोटो बदलायच्या प्रोग्रॅममधल्या `Perspective` साधनाने पाख्याच्या चार कोपऱ्यांवर बसवले. प्रमाण बरोबर असलं की लांब जाताना उभार आपोआप दाट होतात. बाजारात मिळणारी तयार चित्रं बहुधा चौरस असतात. ती ताणून बसवली की उभार फूटभर रुंद होतात आणि घर खेळण्यातलं वाटायला लागतं.

25 अंशांना फोटोतलं आढं जुन्या कठड्याच्या माथ्याच्या जवळपास त्याच उंचीवर आलं. म्हणजे पुढच्या बाजूचा कठडा नव्या पाख्याने झाकला गेला आणि मागचं आकाश भरून काढायची गरज उरली नाही. फक्त डावीकडे, जिथे छपराची तिरकी कड खाली येते, तिथे कठड्याचे कोपरे आणि टाकी पुसून मागच्या माडांच्या झावळ्या पुढे आणाव्या लागल्या. 20 अंशांचं छप्पर निवडलं असतं, तर आढ्यावर कठड्याची सबंध पट्टी उरली असती.

काम: सावली

सूर्य कुठे आहे याचा अंदाज बांधायची गरज नव्हती. छज्जा दीड फूट बाहेर होता आणि पूर्वेच्या भिंतीवर त्याची सावली 1.4 फूट खाली आणि एका फुटाहून किंचित जास्त उजवीकडे सरकलेली होती. म्हणजे या भिंतीवर प्रत्येक फूट पुढाव्याला साधारण 0.93 फूट खाली आणि 0.68 फूट उजवीकडे. वेळ, तारीख आणि अक्षांश घेऊन सूर्याची उंची काढली, ती साडेसदतीस अंश आली आणि मापांशी जुळली.

छप्पर दोन फूट बाहेर आहे, म्हणून 1.86 फूट सावली घ्यायची, असं पटकन वाटतं. पण सावली पाडणारी कड पत्र्याची नाहीच. पत्र्याच्या टोकाला सहा इंचांची पन्हळ आहे. ती आणखी अर्धा फूट बाहेर जाते आणि अर्धा फूट खालीही उतरते. सावलीची कड ठरते ती पन्हळीच्या बाहेरच्या खालच्या ओठावरून. नुसता पत्रा धरला तर सावली जमिनीपासून 9.2 फुटांवर थांबते, पन्हळ धरली तर 8.2 फुटांवर. घराच्या तोंडावर एका फुटाचा फरक फार मोठा आहे.

त्यातून एक बारकावा निघतो आणि चित्र खरं वाटतं ते त्यामुळे. छज्जा 9 फुटांच्या उंचीवर आहे, म्हणजे त्याच्या मागची भिंत आता पूर्ण सावलीत जाते. पण छज्ज्याची पुढची कड भिंतीपासून दीड फूट बाहेर असल्याने तिच्यावर ऊन राहतं. सावलीच्या पट्ट्यात ती उजळ पट्टी तशीच ठेवावी लागते. छज्ज्याखालची जुनी सावली 7.6 फुटांपर्यंत जाते, म्हणून वळचणीच्या सावलीची खालची कड एकसंध सरळ राहत नाही. प्रत्येक खिडकीपाशी ती सात-आठ इंचांची पायरी घेऊन खाली उतरते. सरळ काळा पट्टा ओढलेली चित्रं मी बरीच बघितली आहेत. काय चुकलंय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण घर खोटं वाटतं.

दक्षिणेच्या भिंतीवर आणखी काळजी घ्यावी लागली. तिथे ऊन उजवीकडून तिरकं येत होतं. दोन फूट पुढाव्याची सावली 2.7 फूट खाली आणि 2.9 फूट डावीकडे जात होती. छपराची तिरकी कड भिंतीला समांतर असल्यामुळे सावलीची कडही तिला समांतरच राहते, पण पट्ट्याची रुंदी दोन्ही अंगांना सारखी येत नाही. उजव्या, म्हणजे पूर्वेच्या उतरणीखाली पट्टा उभा मोजला तर सुमारे चार फूट भरतो आणि डाव्या उतरणीखाली सव्वा फुटाच्या थोडा वर. तिप्पट फरक! त्रिकोणावर दोन्हीकडे सारखी सावली दिसली की सूर्य बरोबर समोर असला पाहिजे, आणि शेजारची पूर्वेची भिंत तर वेगळंच सांगत असते.

सावलीचा रंगही फोटोतूनच घेतला. उन्हातल्या भिंतीचा रंग `214,196,160` आणि त्याच भिंतीच्या सावलीतला `121,120,118`. प्रत्येक आकड्याचं गुणोत्तर काढलं तर `Multiply` थरासाठी `#909CBC` हा निळसर राखाडी रंग मिळतो. सावलीत थेट ऊन नसतं, आभाळाचा उजेड असतो, म्हणून हा निळेपणा येतो. काळा रंग तीस-चाळीस टक्क्यांनी चढवला की तो निळेपणा हरवतो आणि भिंत मळकी दिसते.

सावलीची कड किती मऊ ठेवायची यालाही कारण आहे. सूर्याचं बिंब साधारण अर्ध्या अंशाचं असल्यामुळे पन्हळीपासून पावणेचार फुटांवर पडणारी सावली जेमतेम अर्धा इंच पुसट होते. या फोटोत ते दोन-अडीच पिक्सेल होतात. वीस पिक्सेलचा धूसरपणा दिला असता तर ती ढगाळ दिवसाची सावली झाली असती, आणि शेजारी छज्ज्याची सावली तर कडक उन्हातली होती.

पाख्याला सूर्य भिंतीपेक्षा जास्त सरळ लागतो, म्हणून पत्रा चित्रातला सर्वांत उजळ भाग ठेवला. उभारांच्या बाजूंना काळ्या रेषा दिल्या नाहीत. ऊन आणि नजर दोन्ही दक्षिणेकडूनच येत असल्याने उभारांची सावली त्यांच्या पलीकडच्या अंगाला पडत होती आणि इकडून दिसत नव्हती.

काम: पाण्याच्या कडा

पन्हळ दाखवायची की नाही, यावर थोडी ओढाताण झाली. पागोळ्या अंगणात पडू द्याव्यात असं थोरल्यांना वाटत होतं. मी त्यांना हिशेब दिला. पुढच्या पाख्याचं आडवं क्षेत्र सुमारे 493 चौरस फूट. ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत तिथून मिनिटाला 76 लिटर पाणी खाली येतं, आणि ते जोत्यालगत चिरा कापत राहतं. मग पन्हळ पुढच्या बाजूला घ्यायचं ठरलं. मागच्या बाजूला मळा आहे, तिकडे पागोळ्याच राहिल्या.

पन्हळीला ढाळ लागतो. 34 फुटांत एकाच दिशेने ढाळ दिला तर टोकाला चार इंचांचा फरक पडतो आणि तो फोटोत वीसेक पिक्सेल म्हणजे सरळ वाकडेपणा दिसतो. मधून दोन्हीकडे ढाळ दिला तर दोन इंचांत भागतं. चित्रात तेच काढलं, त्यामुळे दोन्ही कोपऱ्यांना चार इंचांचा एकेक पाइप आला. पाइपाची स्वतःची बारीक सावली त्याच्या उजवीकडे दिली. वरच्या भागात ती दिली नाही, कारण पाइपाचा तो तुकडा वळचणीच्याच सावलीत आहे.

स्लॅबचे जुने दोन निचरा-पाइप कठड्याखालून बाहेर आलेले होते आणि त्यांच्याखाली शेवाळाचे काळे ओघळ होते. पाइप काढून ओघळ ठेवले असते तर पाणी कुठून आलं असा प्रश्न उभा राहिला असता. ओघळ पुसले तर भिंत रंगवणार असल्याचं चित्र सांगतं. म्हणून आधी विचारलं. रंगकाम खर्चात धरलेलं होतं, तेव्हा दोन्ही पुसले.

डावीकडच्या तिरक्या कडेला पत्र्याची दुमडलेली पट्टी दाखवली. ती नसेल तर पत्र्याचा शेवटचा उभार उघडा दिसतो आणि छप्पर कापून चिकटवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षातही वाऱ्याचं पाणी तिथूनच आत शिरतं.

निष्पत्ती

दोन्ही भावांनी 25 अंशांचं चित्र मान्य केलं आणि फॅब्रिकेटरने त्याप्रमाणे नवा अंदाज दिला. छप्पर पावसाळ्याआधी उभं राहिलं. पुढच्या फेब्रुवारीत इंजिनिअरांनी त्याच जागेवरून, सकाळी दहालाच फोटो काढून पाठवला. वळचणीची सावली, छज्ज्यांवरची उजळ पट्टी आणि खिडक्यांपाशी उतरणाऱ्या पायऱ्या जागच्या जागी होत्या. त्रिकोणी भिंतीवरचा रुंद-अरुंद पट्टाही तसाच पडला होता.

दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. नवा पत्रा आढ्याजवळ आभाळाची चमक घेतो, तिथे चित्रातला रंग खऱ्यापेक्षा गडद होता. आणि उजव्या कोपऱ्यातला पाइप विहिरीच्या बाजूला वळवला गेला होता. ते ठरलं कामाच्या वेळी, आणि चांगलंच ठरलं.

वेगळं काय करता येईल

फोटो काढताना जवळच्या कोपऱ्याला दहा फुटांची खुणा केलेली काठी उभी ठेवली, तर उंचीची सगळी मापं थेट फोटोवरून मिळतात. इथे ती इंजिनिअरांच्या नकाशावरून घ्यावी लागली.

दुसरं, रस्त्यावरून, म्हणजे घरापासून नव्वद-शंभर फुटांवरून एक जास्तीचा फोटो मागवायला हवा. तितक्या लांबून हेच 25 अंशांचं पाखं भिंतीच्या चाळीस टक्क्यांहून जास्त भरतं. गावातली माणसं घर बहुतेक वेळा तिथूनच बघतात, आणि थोरल्या भावांच्या आठवणीतलं भरदार छप्परही बहुधा रस्त्यावरून पाहिलेलंच असणार. तो फोटो असता तर 20 अंशही त्यांना कदाचित पटले असते आणि लोखंड वाचलं असतं.

तिसरं, सकाळच्या उन्हाच्या जोडीला ढगाळ दिवसाचं एक साधं चित्र द्यावं. कोकणात चार महिने घर तसंच दिसतं. त्यात कडक सावल्या नसतात, वळचणीखाली फक्त मऊ अंधार असतो आणि पत्रा आभाळाइतका फिकट दिसतो. गडद रंग निवडलेल्यांना तो फरक आधी दिसायला हवा.

कैचीचे बोल्ट स्लॅबच्या तुळईत किती खोल जावेत, पत्र्याला किती स्क्रू लागावेत, यातलं काहीच फोटो सांगत नाही. म्हणून चित्राच्या खालच्या कोपऱ्यात उतार, पुढावा आणि फोटोची वेळ एवढंच लिहून दिलं होतं. बाकीचं इंजिनिअरांच्या नकाशावर होतं.